व्याजदर खूप हलले की ड्युरेशनचा अंदाज कॉन्व्हेक्सिटीने कसा दुरुस्त करावा

अमेरिकी सरकारने १५ मे २०२० रोजी ३० वर्षांचा एक रोखा बाजारात आणला. कूपन १.२५ टक्के, मुदत १५ मे २०५० पर्यंत, लिलावात ठरलेलं यील्ड १.३४२ टक्के. त्या वेळी फेडरल रिझर्व्हचा धोरण दर शून्य ते पाव टक्का होता आणि तो इतक्यात वर जाईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. जुलै २०२३ मध्ये तोच दर ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर होता आणि त्या ऑक्टोबरात ३० वर्षांच्या सरकारी रोख्यांचं यील्ड २००७ नंतर पहिल्यांदाच ५ टक्क्यांच्या वर गेलं.

हा रोखा बाजारात आला तेव्हा त्याचं ड्युरेशन साधारण २५ होतं. यील्ड १ टक्का वाढलं की किंमत ड्युरेशनइतके टक्के पडते, हा पाठ झालेला नियम लावला, तर साडेतीन टक्क्यांहून मोठ्या वाढीला तब्बल ९१ टक्के नुकसान निघतं. म्हणजे जवळजवळ सगळी किंमतच गेली. सरकार दर सहा महिन्यांनी व्याज देतंय, २०५० साली मुद्दलही देणार आहे, तरी रोखा १०० ला ९ डॉलरच्या भावाने विकला जाईल, हे पटण्यासारखं नाही. आणि तसं झालंही नाही. किंमत निम्म्याहून खाली गेली खरी, पण ९ वर नाही.

ड्युरेशनच्या या अंदाजाला कॉन्व्हेक्सिटीची जोड द्यायची असते, हे बऱ्याच जणांनी वाचलेलं असतं. ती जोड नेमकी कशी द्यायची, कुठपर्यंत चालते आणि कुठे ती स्वतःच दगा देते, हे याच रोख्यावर पाहू. एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिब्रेऑफिस, तिन्हींपैकी काहीही चालेल.

आधी किंमत काढणारी चौकट तयार करा

पहिल्या रकान्यात नावं लिहा, दुसऱ्या रकान्यात पुढील आकडे भरा: B1 मध्ये सेटलमेंटची तारीख (१५ मे २०२०), B2 मध्ये मुदतपूर्तीची तारीख (१५ मे २०५०), B3 मध्ये कूपन 1.25%, B4 मध्ये यील्ड 1.342%, आणि B5 मध्ये एक छोटा धक्का, 0.10%. मग ही सूत्रं घाला:

```
B6:  =PRICE(B1,B2,B3,B4,100,2,1)
B7:  =PRICE(B1,B2,B3,B4-B5,100,2,1)
B8:  =PRICE(B1,B2,B3,B4+B5,100,2,1)
B9:  =(B7-B8)/(2*B6*B5)
B10: =(B7+B8-2*B6)/(B6*B5^2)
```

सूत्रातला 2 म्हणजे वर्षातून दोनदा व्याज. शेवटचा 1 ही दिवस मोजण्याची पद्धत. अमेरिकी सरकारी रोख्यांत प्रत्यक्ष दिवस मोजतात, म्हणून 1. आपण नेमकी कूपनची तारीख धरली असल्याने इथे त्याने काही फरक पडत नाही.

B6 मध्ये ९७.७३४१ दिसेल. यील्ड कूपनपेक्षा किंचित जास्त असल्याने किंमत शंभराच्या थोडी खाली आहे. यील्ड दशांश टक्क्याने उतरलं तर किंमत १००.१९९८ होते आणि तेवढंच चढलं तर ९५.३३७५. नीट पाहा: उतरताना २.४७ डॉलर मिळाले, चढताना २.४० गेले. सारख्याच धक्क्याला मिळकत जास्त आणि तोटा कमी. हा जो सात सेंटांचा फरक आहे, तीच कॉन्व्हेक्सिटी. B10 मधलं सूत्र तो फरकच मोजतं.

B9 मध्ये २४.८७५ हे ड्युरेशन येईल आणि B10 मध्ये ७०७ ही कॉन्व्हेक्सिटी. ड्युरेशनसाठी शीटमध्ये `MDURATION` हे तयार सूत्र असतं आणि ते २४.८७ देतं, तेव्हा पडताळणी तिथेच होऊन जाते. कॉन्व्हेक्सिटीसाठी एक्सेलमध्ये तयार सूत्र नाही, म्हणून हा तीन किमतींचा मार्ग.

७०७ वर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट राउंडिंगची. किमती दोन दशांशांपर्यंत घेतल्या, म्हणजे ९७.७३, १००.२० आणि ९५.३४, आणि तेच सूत्र हाताने चालवलं, तर कॉन्व्हेक्सिटी ८१९ येते. सुमारे १६ टक्के चूक, आणि तीही निव्वळ पैशापैशाच्या पूर्णांकनामुळे. कारण उघड आहे. आपण सात सेंटांचा फरक मोजतोय आणि तो एका सेंटाच्या अचूकतेने मोजू पाहतोय. ड्युरेशनला ही अडचण येत नाही, तिथे फरक जवळपास पाच डॉलरचा असतो. म्हणून कॉन्व्हेक्सिटी काढताना किमतींना `ROUND` लावू नका. ब्रोकरच्या पडद्यावरून किंवा वर्तमानपत्रातून उचललेल्या किमती इथे उपयोगाच्या नाहीत, त्या सूत्रातूनच यायला हव्यात. धक्का अतिसूक्ष्म ठेवला तरी तोच घोळ वेगळ्या वाटेने होतो. दशांश टक्का ही मधली, सुरक्षित जागा आहे.

दुसरी गोष्ट एककाची. तीच कॉन्व्हेक्सिटी एका ठिकाणी ७०७ म्हणून छापलेली सापडेल, दुसरीकडे शंभराने भागून ७.०७, तर कुठे निम्मी करून ३५३.५. तिन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या सूत्रात टाकला जातो. ओळखायची खूण सोपी आहे. ज्या साध्या रोख्यात ठरलेलं व्याज आणि शेवटी मुद्दल एवढंच असतं, त्याची कॉन्व्हेक्सिटी ड्युरेशनच्या वर्गापेक्षा नेहमी जास्त असते. आपलं ड्युरेशन २४.८७५, त्याचा वर्ग सुमारे ६१९. ७०७ हा आकडा ६१९ च्या वर आहे, म्हणजे एकक ठीक आहे. समोर ३५३.५ आला तर समजायचं की निम्मं आधीच करून दिलंय. ७.०७ आला तर शंभराने गुणायचं. हा वर्गाचा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं आणखी एक मोठं काम आहे.

मग दुरुस्ती लावा

सूत्र असं:

```
dP/P = -D*dy + 0.5*C*dy^2
```

यात D म्हणजे ड्युरेशन, C म्हणजे कॉन्व्हेक्सिटी आणि dy म्हणजे यील्डमधला बदल. dy दशांशात भरायचा: १ टक्का म्हणजे 0.01. त्याचा वर्ग 0.0001. घाईत इथे 0.01 चा वर्ग पुन्हा 0.01 धरला जातो आणि मग दुरुस्ती शंभरपट होऊन बसते. यील्ड एक टक्का वाढल्यावर रोखा तिप्पट-चौपट महाग झाला असं उत्तर आलं, तर चूक याच जागी आहे.

यील्ड १ टक्क्याने वाढून २.३४२ झालं असं धरू. ड्युरेशनचा हिस्सा उणे २४.८८ टक्के. कॉन्व्हेक्सिटीचा हिस्सा ७०७ च्या निम्मे, गुणिले ०.०००१, म्हणजे अधिक ३.५४ टक्के. बेरीज उणे २१.३४ टक्के. B4 मध्ये 2.342% टाकून खरी किंमत पाहिली तर ती ७६.५६ येते, म्हणजे उणे २१.६६ टक्के. नुसत्या ड्युरेशनची चूक सव्वातीन टक्क्यांची होती, दुरुस्तीनंतर ती जेमतेम एक तृतीयांश टक्क्यावर आली. हा दिलासा खरा आहे आणि रोजच्या कामाला पुरेसा आहे.

दुरुस्तीचं चिन्ह यील्ड चढो वा उतरो, अधिकच राहतं, कारण dy चा वर्ग केला जातो. यील्ड १ टक्क्याने उतरलं तर ड्युरेशन अधिक २४.८८ म्हणतं, कॉन्व्हेक्सिटी त्यात तेच ३.५४ मिळवते, बेरीज २८.४१. खरा बदल २८.७९ टक्के आहे. घसरणीच्या हिशेबात कॉन्व्हेक्सिटी वजा करून बसणं ही नेहमीची गफलत आहे. तसं दिसलं तर उत्तर ड्युरेशनपेक्षाही खाली जातं आणि लगेच लक्षात येतं.

एक बारकावा कूपनच्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांसाठी. `PRICE` हे सूत्र साचलेलं व्याज वगळून किंमत देतं. टक्केवारीतला बदल मात्र व्याजासह पूर्ण किमतीवर लागू करायचा असतो, कारण खरेदीदार तेवढेच पैसे मोजतो. तेव्हा B6, B7, B8 या तिन्हींत साचलेलं व्याज मिळवा आणि मगच भागाकार करा. आपल्या उदाहरणात कूपनचीच तारीख असल्याने ते शून्य आहे.

आता मोठा धक्का द्या

इथपर्यंत सगळं पुस्तकात असतं. पण विषय मोठ्या हालचालीचा आहे, आणि खरी गंमत तिथे आहे.

यील्ड २ टक्क्यांनी वाढवून ३.३४२ करा. ड्युरेशन उणे ४९.७५ म्हणतं, कॉन्व्हेक्सिटी १४.१४ परत देते, हाती उणे ३५.६१ उरतं. खरा बदल उणे ३८.०३. चूक आता २.४ टक्क्यांवर गेली. हालचाल दुप्पट झाली, पण चूक सातपटीहून जास्त वाढली. असं होणारच, कारण राहिलेली चूक मुख्यतः तिसऱ्या घाताच्या पदाची आहे, आणि दोनाचा घन आठ.

आता थेट ५ टक्क्यांवर या, म्हणजे dy = 0.03658. ड्युरेशन उणे ९०.९९, कॉन्व्हेक्सिटी अधिक ४७.३०, बेरीज उणे ४३.६९ टक्के. शीटमधली खरी किंमत ४२.०५ आहे, म्हणजे उणे ५६.९८ टक्के. ड्युरेशनने नुकसान ३४ टक्क्यांनी फुगवलं होतं, दुरुस्तीने ते १३ टक्क्यांनी झाकलं. जोखीम मोजणाऱ्याला ही दुसरी चूक जास्त महागात पडते. ९१ टक्के हा आकडा पाहून कुणीही चमकतो आणि पुन्हा तपासतो. ४४ टक्के हा आकडा शहाण्यासारखा दिसतो, म्हणून तो तसाच अहवालात जातो.

या सूत्राचा आणखी एक विचित्रपणा बघा. त्याचा आलेख म्हणजे पॅराबोला. पॅराबोला खाली येतो, तळ गाठतो आणि पुन्हा वर चढतो. तळ कुठे येतो हे काढणं सोपं आहे: ड्युरेशन भागिले कॉन्व्हेक्सिटी, इथे २४.८७५ भागिले ७०७, म्हणजे ३.५२ टक्के. यील्ड त्याहून जास्त वाढलं की हे सूत्र सांगू लागतं की रोख्याची किंमत *वाढतेय*. आपली ३.६५८ टक्क्यांची हालचाल तळाच्या पलीकडे गेलेली आहे! तळाशी नुकसान ४३.७६ टक्के, आणि या सूत्रातून त्याहून मोठं नुकसान कधीच बाहेर पडणार नाही, यील्ड १० टक्के झालं तरी. खरा रोखा मात्र पडतच राहतो.

म्हणून कोणत्याही रोख्यावर साधी दुरुस्ती लावण्याआधी मी D/C हा भागाकार काढतो. अपेक्षित हालचाल त्याच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर साधं सूत्र बिनधास्त वापरायचं. अर्ध्याच्या पुढे गेली की उत्तर शंकेने बघायचं. तळाजवळ आली तर हे सूत्र बाजूला ठेवायचं. या मर्यादा कुठल्या नियमपुस्तकातल्या नाहीत, वरच्यासारखे हिशेब करून माझ्या अंदाजाने ठरवलेल्या आहेत.

तेच दोन आकडे, वेगळ्या सूत्रात

बरं, मग करायचं काय? समोर शीट असेल आणि रोख्याचे तपशील माहीत असतील, तर B4 मध्ये नवं यील्ड टाका आणि खरी किंमत घ्या. अंदाजाची गरजच नाही. पण पुष्कळदा हातात तेवढे तपशील नसतात. एखाद्या अहवालात फक्त किंमत, ड्युरेशन आणि कॉन्व्हेक्सिटी छापलेली असते. शेकडो रोख्यांवर झटपट धक्के द्यायचे असतात. तेव्हा साध्या सूत्राऐवजी हे घ्या:

```
P1 = P0 * EXP( -D*dy + 0.5*(C - D^2)*dy^2 )
```

P0 ही आधीची किंमत, P1 ही नवी. D आणि C तेच, नवीन काही मोजायचं नाही. बदल एवढाच की टक्के बेरजेने न लावता चक्रवाढीने लावले आणि C मधून D चा वर्ग वजा केला. आपल्या रोख्यासाठी ७०७ वजा ६१८.८, म्हणजे ८८.२.

५ टक्क्यांच्या प्रसंगाला हे लावू. पहिलं पद उणे ०.९०९९. दुसरं पद ८८.२ च्या निम्मे गुणिले ०.००१३३८, म्हणजे अधिक ०.०५९०. बेरीज उणे ०.८५०९. त्याचा `EXP` घेतला की ०.४२७० मिळतो. ९७.७३ ला त्याने गुणलं की किंमत ४१.७३. खरी किंमत ४२.०५ होती. साधी दुरुस्ती १३ डॉलरने चुकली होती, ही तिसेक सेंटांनी.

चारही प्रसंग शेजारी ठेवले की फरक दिसतो. आकडे किमतीतल्या टक्केवारी बदलाचे आहेत.

| यील्डमधील बदल | खरा बदल | नुसतं ड्युरेशन | साधी दुरुस्ती | EXP ची दुरुस्ती |
|---|---|---|---|---|
| −१.०० | +२८.७९ | +२४.८८ | +२८.४१ | +२८.८१ |
| +१.०० | −२१.६६ | −२४.८८ | −२१.३४ | −२१.६८ |
| +२.०० | −३८.०३ | −४९.७५ | −३५.६१ | −३८.११ |
| +३.६५८ | −५६.९८ | −९०.९९ | −४३.६९ | −५७.३० |

हे इतकं बरं का जमतं, याचं कारण C वजा D वर्ग या आकड्यात आहे. यील्ड वाढतं तसं ड्युरेशन स्वतःच कमी होत जातं, आणि ते किती वेगाने कमी होतं हे नेमकं हाच आकडा सांगतो. ८८.२ म्हणजे यील्ड १ टक्का वाढलं की ड्युरेशन सुमारे ०.८८ ने घटेल. ३.६५८ टक्क्यांच्या वाढीला ते २४.८८ वरून २१.६५ च्या आसपास यायला हवं. शीटमध्ये यील्ड ५ टक्के करून बघा, B9 मध्ये २१.०६ येतं. बऱ्यापैकी जवळ.

दुसऱ्या शब्दांत, ड्युरेशन फार बदललेलंच नाही. २५ चं २१ झालं, एवढंच. मग साध्या सूत्रात कॉन्व्हेक्सिटीचा ४७ टक्क्यांचा प्रचंड हिस्सा आला कुठून? त्यातला बहुतेक भाग कॉन्व्हेक्सिटीचा नव्हेच, तो चक्रवाढीचा आहे. किंमत ९७ वरून ६० वर आली की पुढच्या एका टक्क्याच्या वाढीला २३ टक्के जातात ते ६० चे, मूळ ९७ चे नव्हेत. नुसतं ड्युरेशन दर वेळी मूळ किमतीचेच टक्के कापत राहतं. ७०७ पैकी ६१९ हा आकडा ती चूक निस्तरण्यात खर्च होतो, आणि रोख्याच्या वक्रतेचा असा उरलेला भाग फक्त ८८. `EXP` चक्रवाढ आपोआप सांभाळतो, म्हणून त्याला या उरलेल्या भागाचीच मदत लागते.

ही दुरुस्ती कुठे लावू नये

वरचं सगळं गणित असं गृहीत धरतं की रोख्यातून येणारे पैसे आणि त्यांच्या तारखा ठरलेल्या आहेत. काढणाऱ्याला मुदतीआधी परत घेता येणारे रोखे आणि गृहकर्जांवर आधारलेले रोखे यांत तसं नसतं. व्याजदर वाढले की घरकर्ज घेणारे जुनं स्वस्त कर्ज लवकर फेडत नाहीत, पैसे उशिरा येतात आणि रोख्याचं ड्युरेशन घटण्याऐवजी *वाढतं*. तिथे C हा D च्या वर्गापेक्षा कमी, कित्येकदा ऋणही निघतो. मार्च २०२३ मध्ये बुडालेल्या सिलिकॉन व्हॅली बँकेची मोठी गुंतवणूक अशाच गृहकर्ज-आधारित रोख्यांत होती. या रोख्यांसाठी `PRICE` ने काढलेली कॉन्व्हेक्सिटी निरर्थक आहे. कर्जफेडीचं मॉडेल चालवून तीन किमती काढाव्या लागतात, आणि मोठ्या हालचालीसाठी दोन आकड्यांवर न विसंबता नव्या दराला पुन्हा मॉडेलच चालवावं लागतं. ओळखायची खूण वरचीच: C आणि D वर्गाची तुलना करा. C कमी असेल तर या रोख्यात काहीतरी पर्याय दडलेला आहे, किंवा एकक चुकलंय.

दुसरी मर्यादा काळाची. आपण सगळे धक्के १५ मे २०२० रोजी एका क्षणात दिले. प्रत्यक्षात ५ टक्क्यांपर्यंत यायला साडेतीन वर्षं लागली. तेवढ्यात मुदत ३० वर्षांवरून साडेसव्वीसवर आली. B1 मध्ये १५ नोव्हेंबर २०२३ आणि B4 मध्ये 5% टाकलं तर किंमत ४५.२६ येते, आपल्या ४२.०५ पेक्षा ३.२ डॉलर जास्त. हा फरक पाहून आपली कॉन्व्हेक्सिटी कमी पडली असं समजून ती वाढवत बसू नका. तो काळाचा हिस्सा आहे आणि तो वेगळा मोजायचा असतो: आधी आजच्या यील्डला मुदत पुढे सरकवून किंमत काढा, मग तिथलं D आणि C घेऊन धक्का द्या.

आपल्याकडच्या रोख्यावर

भारत सरकारचे रोखेही सहामाही व्याज देतात, त्यामुळे हीच शीट चालते. दिवस मोजण्याची पद्धत ३०/३६० असल्याने सूत्रातला शेवटचा आकडा तेवढा बदलावा लागतो. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट योजनेतून हे रोखे घरबसल्या घेता येतात, आणि ३०-४० वर्षांचे रोखेही त्यात असतात.

समजा ७ टक्के कूपनचा ३० वर्षांचा रोखा १०० ला घेतला, यील्ड ७ टक्के. मुदत अमेरिकी रोख्याइतकीच, तरी ड्युरेशन १२.४७ म्हणजे निम्मंच, कारण सात टक्क्यांच्या व्याजातून पैसे लवकर परत येतात. कॉन्व्हेक्सिटी सुमारे २५१. तपासणी: १२.४७ चा वर्ग १५५.५, म्हणजे २५१ त्याच्या वर आहे, एकक बरोबर. D/C सुमारे ५ टक्के, म्हणजे पॅराबोलाचा तळ अमेरिकी रोख्यापेक्षा लांब आहे.

यील्ड २ टक्क्यांनी वाढून ९ झालं तर ड्युरेशन उणे २४.९४ टक्के म्हणतं. साधी दुरुस्ती ५.०२ परत देऊन उणे १९.९२ वर आणते. `EXP` चं सूत्र, C वजा D वर्ग ९५.५ धरून, उणे २०.५७ देतं. ९ टक्के यील्डला खरी किंमत ७९.३६ आहे, म्हणजे उणे २०.६४. इथे साधी दुरुस्तीही फार दूर नाही, पाऊण टक्का चुकली. १० लाखांच्या दर्शनी मूल्यावर हा फरक सुमारे ७ हजार रुपयांचा होतो आणि नुसत्या ड्युरेशनची चूक ४३ हजारांची.